वॉर्डात पाऊल ठेवलेल्या पेशंटशी पहिली पंधरा मिनिटं

ऑपरेशनसाठी आदल्या दिवशी दाखल होणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या पायांनी चालत वॉर्डात येतो. त्या घडीला त्याला फारसं दुखत नसतं, तापही नसतो. तरी बीपी घेतलं की ते नेहमीपेक्षा वर निघतं, नाडी भरभर चालते आणि तळहात गार, ओलसर लागतात. हे भीतीचं काम. शरीराला संकटाची चाहूल लागली की ॲड्रेनलिन रक्तात उतरतं, हृदयाचे ठोके वाढतात, हातापायांच्या कातडीकडचं रक्त आत वळतं. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट होते, ती मात्र कुठल्याच यंत्रावर दिसत नाही. घाबरलेल्या माणसाचं लक्ष आक्रसतं. समोरचा दहा वाक्यं बोलला तर त्यातली एकदोनच आत जातात.

हिल्डगार्ड पेप्लाउ या अमेरिकन परिचारिकेने 1952 मध्ये नर्स आणि पेशंट यांच्यातल्या नात्याची मांडणी केली, तेव्हा हा मुद्दा फार नीट धरला होता. सौम्य चिंतेत माणूस सावध असतो आणि शिकू शकतो. चिंता वाढत गेली की त्याची नजर आणि कान अरुंद होत जातात, आणि अगदी टोकाला त्याला काहीच सुचत नाही. म्हणून नात्याचा पहिला टप्पा त्यांनी ओळखीचा ठरवला: मी कोण, तू कोण, तू इथे कशासाठी आला आहेस आणि आपण मिळून काय करणार आहोत. औषधपाण्याच्या आणि शिकवण्याच्या गोष्टी त्यानंतर येतात.

आपल्याकडच्या वॉर्डांत बऱ्याचदा हा क्रम उलटा चालतो. आधी फॉर्म, मग बीपी, मग सह्या, मग सूचनांची यादी. ओळख झाली तर झाली. हा क्रम सुलटा केला तर काय बदलतं आणि तो सुलटा करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे एका उदाहरणातून पाहू.

समजा, जिल्हा रुग्णालयातला स्त्रियांचा सर्जिकल वॉर्ड आहे. दुपारचे तीन वाजलेत. 56 वर्षांच्या एक शेतकरी बाई मुलाबरोबर आल्या आहेत. आपण त्यांना सुमनबाई म्हणू. पित्ताशयात खडे आहेत आणि उद्या सकाळी दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं आहे. दोन ते आठच्या ड्युटीवर असलेल्या सिस्टरचं नाव अनिता धरू.

चार पावलांत होणारी तपासणी

स्वागताची सुरुवात पेशंट समोर येण्याआधीच होते. अनिता सिस्टर केस पेपर हातात आल्यावर उभ्याउभ्या एकदा वाचतात: नाव, वय, आजार, उद्याचं ऑपरेशन, कुठल्या औषधाची ॲलर्जी. याला मिनिटभर लागतं. ते मिनिट वाचवलं तर पुढे "काय होतंय तुम्हाला?" असं विचारावं लागतं, आणि ओपीडीत तीनदा तेच सांगून आलेल्या बाईला वाटतं की इथे कुणाला माझं काही ठाऊक नाही.

कॉटवर धुतलेली चादर आहे ना, हेही त्या आधी बघून घेतात. पेशंटला पॅसेजमध्ये पिशवी धरून उभं ठेवणं आणि तिच्यादेखत आधीच्या पेशंटची चादर काढणं, या दोन्ही गोष्टींनी भीती वाढते.

सुमनबाई दारातून कॉटपर्यंत येतात तेवढ्यात सिस्टरची नजर काम करत असते. चालताना तोल जातोय का, धाप लागलीय का, ओठांचा रंग कसा आहे, डोळे पिवळे आहेत का, पोट धरून चालताहेत का. ही पाहणी महत्त्वाची, कारण अस्वस्थ दिसणारा प्रत्येक पेशंट घाबरलेलाच असतो असं नाही. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला, साखर उतरली, आत कुठे रक्तस्राव चालू असला किंवा जंतुसंसर्ग रक्तात पसरला तरी माणूस बेचैन होतो, घामाघूम होतो, एका जागी बसत नाही. अशा माणसाला "शांत व्हा" म्हणत बसणं धोक्याचं आहे. तिथे नाव सांगायला एकच वाक्य, तेही हात चालू ठेवून, आणि लगेच डॉक्टरांना हाक. आपण इथे बोलतोय ते चालत आलेल्या, स्थिर असलेल्या पेशंटबद्दल.

नाव, वेळ आणि स्टूल

"नमस्कार. मी सिस्टर अनिता. आज रात्री आठ वाजेपर्यंत तुमचं सगळं मी बघणार आहे. बसा आधी."

तीन-चार छोटी वाक्यं, पण त्यांत तीन गोष्टी आल्या. कोण, कधीपर्यंत आणि कशासाठी. मोठ्या इस्पितळात पेशंटला दिवसभरात दहा-पंधरा माणसं हात लावून जातात आणि त्यांतला डॉक्टर कोण, विद्यार्थी कोण, टेक्निशियन कोण हे त्याला कळत नाही. तोंडावर मास्क असला तर चेहराही लक्षात राहत नाही. केट ग्रेंजर या ब्रिटिश डॉक्टर स्वतः कर्करोगाच्या पेशंट होत्या. 2013 मध्ये इस्पितळात असताना त्यांच्या लक्षात आलं की उपचार करणारे कित्येक जण आपलं नावही सांगत नाहीत. मग त्यांनी आधी स्वतःचं नाव सांगण्याची मोहीम सुरू केली आणि 2016 मध्ये निधन होईपर्यंत ती चालवली. त्या स्वतः डॉक्टर होत्या, वॉर्डाचं कामकाज त्यांना आतून माहीत होतं. तरीही समोरच्याचं नाव माहीत नसणं त्यांना खुपलं. पहिल्यांदाच इस्पितळात आलेल्या सुमनबाईंचं काय होत असेल, याचा अंदाज यावरून करता येतो.

आता पेशंटचं नाव. इथे एक सवय मोडायला हवी. "तुम्हीच सुमन ना?" असं विचारलं की घाबरलेला माणूस "हो" म्हणतो. ऐकू नीट आलं नसलं तरी म्हणतो, दुसऱ्याचं नाव असलं तरी म्हणतो. त्यामुळे अनिता सिस्टर म्हणतात, "तुमचं पूर्ण नाव सांगा बरं." ते केस पेपरशी आणि आयपीडी नंबराशी पडताळतात. एकाच वॉर्डात दोन सुमन असणं अजिबात दुर्मीळ नाही. कॉट नंबर तर ओळख म्हणून कधीच धरायचा नाही, कारण कॉटवरचा पेशंट बदलतो.

त्यापुढचा प्रश्न: "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" कुणाला "काकू" आवडतं, कुणाला "ताई", कुणाला नावापुढे "बाई". पन्नाशीतल्या बाईला सरसकट "आजी" म्हटलं की ती गप्प होते. "मावशी" मी सहसा टाळायला सांगते, कारण वॉर्डात ती हाक कामाला असलेल्या मावशींसाठी असते आणि दोघी एकदम वळून बघतात. "बारा नंबरची गॉलब्लॅडर" असा उल्लेख पेशंटच्या कानावर पडता कामा नये. तो कानावर पडला की आधी केलेलं सगळं पाण्यात जातं.

मग सिस्टर स्टूल ओढून बसतात. कॉटवर बसत नाहीत, कारण स्वच्छतेच्या दृष्टीने ते बरोबर नाही आणि ती पेशंटची जागा आहे. बसायला वेळ कुठे आहे, हा प्रश्न हमखास येतो. एका सिस्टरकडे पंचवीस-तीस पेशंट असतात तेव्हा तो खोटाही नसतो. पण बसल्याने वेळ जास्त जातो हा समज तपासून पाहिला गेला आहे. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या रुग्णालयातला एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ऑपरेशन झालेल्या पेशंटांना भेटताना डॉक्टर काहींपाशी उभे राहिले, काहींपाशी बसले. प्रत्यक्ष वेळ दोन्हीकडे जवळपास सारखाच होता. पण जिथे डॉक्टर बसले, तिथल्या पेशंटांना ते जास्त वेळ थांबले असं वाटलं. उभा माणूस निघायच्या तयारीत दिसतो, हे त्यामागचं साधं कारण असावं.

"घाबरू नका" का चालत नाही

आता पहिला खरा प्रश्न. "काही त्रास?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येतं. "भीती वाटते का?" विचारलं तरी बहुतेक "नाही"च येतं, विशेषतः मुलगा शेजारी उभा असेल तर. त्यामुळे अनिता सिस्टर विचारतात, "उद्याच्या ऑपरेशनचा विचार करताना सगळ्यात जास्त घोर कशाचा लागलाय?" आणि थांबतात. हे थांबणं अवघड असतं. चार-पाच सेकंदांची शांतता आपल्याला फार लांब वाटते आणि आपण स्वतःच मध्ये काहीतरी बोलून ती भरून टाकतो. तिथेच उत्तर हुकतं.

सुमनबाई म्हणतात, "धडधडतंय बघा. रातच्याला डोळ्याला डोळा लागला न्हाई."

आपल्याकडे भीती अशी शरीराच्या भाषेत येते. धडधडतंय, हातपाय गळालेत, पोटात गोळा आला, जीव घाबरा होतोय. ही वाक्यं दोन्ही कानांनी ऐकायची असतात. एका कानाने लक्षण म्हणून: छातीत दुखतं का, धाप लागते का, आधी कधी असं झालं होतं का, हे विचारायलाच हवं. दुसऱ्या कानाने भीती म्हणून. छातीत दुखत नाही, धाप नाही, चार दिवसांपासून ऑपरेशनचा विषय निघाला की धडधडतं, असं कळल्यावर सिस्टर विचारतात, "रात्री झोप नव्हती तेव्हा डोक्यात काय यायचं?"

आणि मग ते बाहेर येतं. गावातल्या एक बाई ऑपरेशनला गेल्या आणि भुलीतून उठल्याच नाहीत, असं सुमनबाईंनी ऐकलंय. आपणही नाही उठलो तर?

इथे जिभेवर येणारं वाक्य म्हणजे "काही होत नाही हो, घाबरू नका." ते मायेने म्हटलेलं असतं, तरी त्याचे दोन तोटे आहेत. एक म्हणजे ते वचन देण्याचा अधिकार कुणालाच नाही, सिस्टरलाही नाही आणि सर्जनलाही नाही. पेशंटलाही हे आतून ठाऊक असतं. दुसरा तोटा जास्त मोठा: या वाक्याने विषय संपतो. सुमनबाई "बरं" म्हणून गप्प बसतील आणि ती भीती रात्रभर एकट्याने सांभाळतील. "सगळेच करतात ऑपरेशन", "एवढ्याशा गोष्टीला काय रडायचं" ही याच घरातली वाक्यं.

मग काय म्हणायचं? अनिता सिस्टर म्हणतात, "असं ऐकलं की कुणालाही धडकी भरणारच. बरं झालं सांगितलंत. भूल देणारे डॉक्टर वेगळे असतात. ते आज संध्याकाळी तुम्हाला भेटायला येतील. हीच गोष्ट त्यांना विचारा, मी पण त्यांच्या कानावर घालते. उद्या ऑपरेशन चालू असताना ते पूर्ण वेळ तुमच्या डोक्याशी असतात. नाडी, बीपी, ऑक्सिजन हे सगळं ते सतत बघत असतात. ऑपरेशन संपलं की तेच तुम्हाला जागं करतात, आणि तुम्ही नीट जाग्या झालात हे पाहूनच पुढे पाठवतात."

या उत्तरात खोटं काही नाही. भीती मान्य केली, ती कुणाशी बोलायची ते सांगितलं आणि त्या न दिसणाऱ्या खोलीत काय घडतं याचं चित्र उभं केलं. धोका किती, तो कुणाला जास्त, हे सांगणं आणि संमतीपत्राचा मजकूर समजावणं हे डॉक्टरांचं काम आहे. सिस्टरने ते स्वतःकडे ओढू नये. तिचं काम आहे तो प्रश्न वाटेत हरवू न देणं.

पुढे काय होणार हे आधी कळल्याने नुसतं बरं वाटतं की शरीरालाही फरक पडतो? याचा एक जुना आणि आजही सांगितला जाणारा पुरावा बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला आहे, 1964 चा. पोटाचं ऑपरेशन होणाऱ्या 97 पेशंटांपैकी काहींना भूलतज्ज्ञांनी आधी भेटून सांगितलं: नंतर कुठे दुखेल, किती वेळ दुखेल, स्नायू आखडल्याने ते का वाढतं आणि अंग सैल कसं सोडायचं, कुशीवर कसं वळायचं. उरलेल्यांना हे सांगितलं नाही. ऑपरेशननंतरच्या दिवसांत पहिल्या गटाला वेदनाशामक नार्कोटिक औषध जवळपास निम्मंच लागलं आणि ते सरासरी 2.7 दिवस आधी घरी गेले. घरी कधी सोडायचं हे ठरवणाऱ्या सर्जनना कोण कुठल्या गटात आहे ते माहीत नव्हतं. हे काम भूलतज्ज्ञांनी केलेलं होतं, आणि अभ्यास लहान होता. पण "दुखणार नाही" असं त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, हे त्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

बांगड्या आणि मंगळसूत्र

बायकांच्या वॉर्डात एक गोष्ट बहुधा शेवटच्या क्षणी सांगितली जाते, आणि तिच्यामुळे होणारा गोंधळ पूर्ण टाळता येण्यासारखा असतो. ऑपरेशन थिएटरच्या दारात स्ट्रेचरवर झोपलेल्या बाईला म्हणायचं, "बांगड्या काढा, मंगळसूत्र काढा." बांगड्या निघत नाहीत, साबण शोधला जातो, नाहीतर त्या फोडल्या जातात. नवरा हयात असताना काचेच्या बांगड्या फोडणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. त्या बाईचं बीपी थिएटरच्या टेबलावर 180 दिसलं तर नवल नाही.

अनिता सिस्टर हे आदल्या दुपारीच काढतात, आणि कारणासकट. "सुमनबाई, उद्या आत जाताना अंगावर धातूचं काही ठेवता येत नाही. रक्त थांबवायला विजेवर चालणारं यंत्र वापरतात, धातूपाशी चटका बसण्याची भीती असते. हाताला सूज आली तर बांगडी, अंगठी रुतते. म्हणून हे आज संध्याकाळीच, घरच्या कुणाच्या हाताने, सावकाश काढून ठेवू." घाई नाही म्हटल्यावर सुमनबाईच सुचवतात की जाऊ संध्याकाळी डबा घेऊन येणार आहे, तिच्याकडे देते. नाकातली चमकी वर्षानुवर्षं निघालेली नसते, तिलाही तेल लावून सैल करायला रात्र मिळते. गळा मोकळा ठेवणं अगदीच जिवावर येत असेल तर काळा दोरा चालेल का, हे थिएटरच्या सिस्टरना विचारून सांगते म्हणायचं, आणि खरंच विचारायचं. दागिने कुणाच्या हाती दिले त्याची नोंद आणि सही घ्यायची, म्हणजे ती एक काळजी डोक्यातून जाते.

बीपीच्या वेळी गप्प

आता कुठे बीपीची पाळी. सुमनबाईंचं बीपी दाखल होताना टेबलापाशी घेतलं होतं, ते 160/96 निघालं होतं. पण तेव्हा त्या जिना चढून आल्या होत्या, ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून पट्टा बांधला होता आणि पट्टा फुगत असतानाच "आधी बीपीची गोळी चालू आहे का, शुगर आहे का?" असे प्रश्न चालले होते. यांतली प्रत्येक गोष्ट आकडा बिघडवते. नीट मोजायचं तर आधी लघवीला जाऊन यायला सांगायचं, पाठ टेकून पाच मिनिटं स्वस्थ बसवायचं, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत, दंड हृदयाच्या उंचीवर टेकलेला, आणि मोजताना दोघांनीही गप्प राहायचं. एक-दोन मिनिटांनी पुन्हा घ्यायचं.

आपल्या उदाहरणात आता आकडा 142/88 येतो, तळहात जरा कोमट लागतात. असं दरवेळी होईलच असं नाही. शांत बसल्यावरही बीपी चढंच राहिलं तर ते भीतीच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायचं नाही. कदाचित तिला खरोखरच रक्तदाब असेल आणि तो आजवर कुणी मोजलाच नसेल. दोन्ही आकडे वेळेसकट लिहायचे आणि डॉक्टरांना सांगायचे.

फॉर्ममधले प्रश्न यानंतर. काही प्रश्न मुलासमोर विचारायचेच नसतात: पाळी, अंगावरून जाणं, गर्भपात, घरात मारहाण. "दादा, तेवढ्यात तुम्ही खाली आरोग्यमित्रांकडे जाऊन योजनेचे कागद पूर्ण आहेत का ते बघून येता का?" असं म्हटलं की दोन कामं होतात. पैशांची काळजी मुलाच्या डोक्यात असते, तिचं उत्तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्रच देऊ शकतात, आणि तेवढा वेळ आई मोकळेपणाने बोलते.

"तंबाखू खाता का?" याला सुमनबाई ठाम "नाही" म्हणतात. सिस्टर विचारतात, "सकाळी दात कशाने घासता?" उत्तर येतं, मिश्रीने, दिवसातून तीन-चारदा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण लावणाऱ्या बाईच्या हिशेबी ते व्यसन नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे कळायला हवं. इथे भुवया उंचावल्या, "अगंबाई, मिश्री?" असा सूर निघाला, की पुढच्या प्रत्येक प्रश्नाला बेतलेलं उत्तर मिळणार. नुसतं लिहून घ्यायचं आणि का विचारलं ते सांगायचं.

किती सांगायचं

लक्ष आक्रसलेलं असतं हे धरून चाललं तर पहिल्या भेटीत तीन गोष्टी पुरे. संडास-बाथरूम कुठे आहे आणि रात्री दिवा कुठला चालू असतो. काही लागलं तर कुणाला आणि कशी हाक मारायची. आणि पुढच्या काही तासांत काय काय होणार. बाकीचं संध्याकाळी.

यात वेळ सांगताना फार जपावं लागतं. "डॉक्टर पाचला येतील" म्हटलं आणि थिएटरमध्ये केस लांबली, तर पाचपासून पेशंट दाराकडे डोळे लावून बसतो. सहाला त्याला वाटतं, माझ्यात काहीतरी गंभीर निघालं म्हणून येत नाहीत. त्यापेक्षा, "सहा ते आठच्या दरम्यान येतात. उशीर झाला तर मी येऊन सांगेन." मग सात वाजता येऊन "अजून थिएटरमध्येच आहेत, पण येणार आहेत" एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. पेशंटचा विश्वास बसतो तो या अर्ध्या मिनिटावर.

उपाशी राहण्याचं कारण सांगितल्याशिवाय ते पाळलं जात नाही. "रात्री बारानंतर काही खायचं-प्यायचं नाही" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि पहाटे नातेवाईक मायेने घोटभर चहा पाजतात, कारण चहा म्हणजे खाणं नव्हे. सिस्टर सांगतात, "भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून पोट रिकामं हवं. दुधाचा चहा पोटात जेवणासारखाच रेंगाळतो, त्यामुळे सकाळी तो नाही. साधं पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते भुलीचे डॉक्टर सांगतील." हे मुलगा परत आला की त्याच्यासमोर पुन्हा सांगायचं, आणि संध्याकाळी डबा घेऊन येणाऱ्या जावेलाही.

समजलं की नाही, हे "कळलं ना?" विचारून कळत नाही. त्याला उत्तर कायम "हो" असतं. "जाऊबाई आल्या की त्यांना उद्याचं काय सांगाल?" असं विचारलं की सुमनबाई आपल्या शब्दांत सांगतात, आणि त्यात काय सुटलं ते लगेच दिसतं. समजा, त्या म्हणाल्या, "सकाळी चहा प्यायचा नाही, बांगड्या काढायच्या आणि पोट फाडून खडे काढणार." म्हणजे दुर्बीण कुणी नीट सांगितलेलीच नाही. सर्जन राउंडला आले की त्यांच्याकडून ते समजावून घ्यायचं, अशी टीप सिस्टर करून ठेवतात.

भीती मोजायची असेल तर शून्य ते दहाची पट्टी आपल्या बऱ्याच पेशंटांना परकी वाटते. रुपयातले किती आणे, हे मात्र जुन्या माणसांना लगेच कळतं, आराम किती पडला हेही ते तसंच सांगतात. "आलात तेव्हा भीती सोळा आणे होती म्हणू, आता किती?" सुमनबाई म्हणतात, "आठ-धा आणे आसंल." पूर्ण गेली नाही, जाणारही नाही. त्याहून चांगली खूण म्हणजे त्या आता स्वतःहून विचारू लागतात: टाके किती, चुलीपुढे कधी बसता येईल, म्हशीच्या धारा कधी काढता येतील. माणूस ऑपरेशननंतरच्या दिवसांबद्दल बोलायला लागला की त्याची नजर त्या एका प्रश्नापलीकडे गेलेली असते. उलट, सगळ्याला "बरं, बरं" म्हणणारी, पिशवीवरचा हात न काढणारी, एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणारी बाई अजून घाबरलेलीच आहे. तिच्याकडे तासाभराने परत जायला हवं.

आठला ड्युटी बदलते. ओव्हर देताना बीपी, नाडी, ॲलर्जी, उपाशी राहण्याची वेळ हे सगळं सांगितलं जातं. अनिता सिस्टर त्यात एक ओळ घालतात आणि ती नोंदवहीतही लिहितात: "भुलीतून जाग येणार नाही अशी भीती आहे, भूलतज्ज्ञांशी बोलणं झालं, मिश्री लावतात, दागिने जावेकडे दिले." मग नाइटच्या सिस्टरला कॉटपाशी घेऊन जातात. "सुमनबाई, या सिस्टर रेखा, सकाळपर्यंत आता या तुमच्याकडे आहेत. तुमची भुलीची काळजी मी त्यांना सांगितलीय." रात्री दोन वाजता सुमनबाई टक्क जाग्या असतील तर रेखा सिस्टरना पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.